कॉर्नर आपला, गोल त्यांचा : काउंटर अटॅक रोखताना होल्डिंग मिडफिल्डर नेमकं काय करतो?

२ जुलै २०१८. रशियातल्या रोस्तोव्हमध्ये वर्ल्ड कपचा बाद फेरीतला सामना. जपान आणि बेल्जियम २-२ अशा बरोबरीत होते आणि भरपाई वेळेची शेवटची काही सेकंदं उरली होती. जपानला कॉर्नर मिळाला. केइसुके होंडाने मारलेला चेंडू बेल्जियमचा गोलकीपर थिबो कुर्तुआ याने हवेतच पकडला आणि लगेच केविन डी ब्रॉयनकडे सरपटत सोडला. डी ब्रॉयन मैदानाच्या मधून धावत सुटला. उजवीकडून आलेल्या म्युनियेला त्याने पास दिला, म्युनियेने चेंडू गोलसमोर टाकला, लुकाकूने तो मुद्दाम सोडून दिला आणि मागून आलेल्या शाडलीने जाळ्यात ढकलला. कुर्तुआच्या हातातून चेंडू सुटल्यापासून गोल होईपर्यंत साधारण १० सेकंद लागली. जपान स्पर्धेबाहेर पडलं.

चारच दिवसांनी, ६ जुलैला, कझानमध्ये क्वार्टर फायनलला बेल्जियमसमोर ब्राझील होतं. ३१व्या मिनिटाला ब्राझीलचा कॉर्नर बेल्जियमने परतवला आणि चेंडू रोमेलू लुकाकूकडे गेला. तो आपल्याच हाफमध्ये वळला, मधून धावत सुटला आणि उजवीकडे डी ब्रॉयनला पास दिला. डी ब्रॉयनने मारलेला फटका आलिसनला चुकवून दूरच्या कोपऱ्यात गेला. त्या गोलने २-० झालं, सामना २-१ असा संपला आणि ब्राझीलही घरी गेलं.

दोन्ही वेळा कॉर्नर समोरच्या संघाचा होता आणि दोन्ही वेळा बेल्जियमचा माणूस मैदानाच्या मधल्या पट्ट्यातून चेंडू घेऊन धावला. हा पट्टा राखणं ज्याचं काम असतं, त्याला होल्डिंग मिडफिल्डर म्हणतात. हे दोन गोल नीट पाहिले तर त्याच्या कामातलं बरंच काही कळतं. त्यातलं बहुतेक काम टीव्हीवर दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

होल्डिंग मिडफिल्डर म्हणजे कोण?

चार बचावपटूंच्या फळीपुढे आणि बाकीच्या मिडफिल्डर्सच्या मागे खेळणारा हा खेळाडू. फुटबॉलच्या बोलीत त्याला ‘नंबर सिक्स’ असंही म्हणतात, मग त्याच्या जर्सीवर कोणताही आकडा असो. ब्राझीलचा कासेमिरो, स्पेनचे सर्जिओ बुस्केट्स आणि रोद्री, फ्रान्सचा क्लोद मॅकलेले ही यातली मोठी नावं. मॅकलेलेचं नाव तर या जागेलाच चिकटलं. २००३मध्ये रेआल माद्रिदने त्याला चेल्सीकडे जाऊ दिलं आणि इंग्लंडमध्ये लोक या जागेला ‘मॅकलेले रोल’ म्हणायला लागले.

होल्डिंग मिडफिल्डरचं काम सांगताना ‘टॅकल करणं’, ‘चेंडू हिसकावणं’ असे शब्द वापरले जातात. ते चूक नाहीत, पण अपुरे आहेत. समोरचा संघ शांतपणे पास देत पुढे येत असेल तेव्हा बचावाला अकरा जण जागेवर असतात. काउंटर अटॅकमध्ये तसं नसतं. आपला संघ हल्ल्यासाठी पुढे गेलेला असतो, फुलबॅक विंगवर चढलेले असतात, कॉर्नर असेल तर उंच सेंटर बॅकसुद्धा समोरच्या बॉक्समध्ये हेडरसाठी उभे असतात. नेमका त्याच क्षणी चेंडू जातो. मागे तीन-चार माणसं उरतात आणि त्यांच्यासमोर निम्मं मैदान मोकळं पडलेलं असतं.

खरा हिशोब सेकंदांचा

मोठ्या सामन्यांचं मैदान साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असतं. समजा, चेंडू गेला तेव्हा आपले सहा खेळाडू समोरच्या बॉक्समध्ये किंवा त्याच्या आसपास आहेत. त्यांना परत आपल्या बॉक्सपर्यंत यायला ६०-७० मीटर धावावं लागेल. सेकंदाला सात मीटर असा वेग धरला, तर नऊ-दहा सेकंद. रोस्तोव्हचा गोल तेवढ्याच वेळात झाला होता. म्हणजे बॉक्समध्ये अडकलेले जपानचे खेळाडू जीव तोडून धावले असते तरी जेमतेमच पोहोचले असते.

आता याच हिशोबात दोन सेकंद वाढवा. चेंडू घेऊन धावणाऱ्याला कुणी वाटेत दोन सेकंद अडकवलं, त्याला थोडं बाजूला वळायला लावलं किंवा पुढे जाण्याऐवजी आडवा पास द्यायला लावला, तर परतणारा प्रत्येक खेळाडू तेवढ्या वेळात १४ मीटर मागे येतो. चार खेळाडू परतत असतील तर चौघंही. तीन विरुद्ध तीन अशी लढत बघता बघता तीन विरुद्ध पाच होते.

होल्डिंग मिडफिल्डर ही दोन-तीन सेकंदं मिळवून देतो. चेंडू मिळाला तर उत्तमच, पण तो मिळालाच पाहिजे असं नाही.

चेंडू जाण्याआधीच अर्धं काम

इंग्लिश प्रशिक्षक याला ‘रेस्ट डिफेन्स’ म्हणतात. यातल्या ‘रेस्ट’चा विश्रांतीशी संबंध नाही, अर्थ आहे ‘उरलेले’. आपला संघ हल्ला करत असताना मागे उरलेल्यांनी कसं उभं राहायचं, याची ही आखणी. तिच्या मध्यभागी होल्डिंग मिडफिल्डर असतो.

आपले खेळाडू पास देत बॉक्सकडे सरकतात तेव्हा तो त्यांच्या मागे १५-२० मीटरवर राहतो. हे अंतर जपणं वाटतं तितकं सोपं नाही. तो फार मागे राहिला, तर परतवलेला चेंडू समोरच्या खेळाडूला आरामात मिळतो आणि त्याला वळायला वेळ मिळतो. फार पुढे गेला, तर एका लांब पासने चेंडू त्याच्या डोक्यावरून जातो आणि मग त्याला गोलकडे तोंड करून धावावं लागतं. त्या शर्यतीत तो बहुधा हरतो, कारण या जागेवरचे खेळाडू क्वचितच मैदानातले सगळ्यात वेगवान असतात. बुस्केट्स तर कधीच वेगासाठी ओळखला गेला नाही. तरीही बार्सिलोनात तो दीड दशक याच जागेवर खेळला.

वेग नसताना ते जमायचं कसं? एक तर तो चेंडूपेक्षा माणसं जास्त पाहायचा. आपल्या संघाकडे चेंडू असतानाही चांगला होल्डिंग मिडफिल्डर दर काही सेकंदांनी मान वळवून मागे बघतो. समोरचा स्ट्रायकर कुठे उभा आहे? विंगर बचावाला खाली आलाय की मुद्दाम वर थांबलाय? चेंडू आत्ता, या क्षणी गेला तर पहिला पास कुणाकडे जाईल? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ज्याच्याकडे बोट दाखवतं, त्याच्यापासून तो फार लांब जात नाही. चेंडू जाताच तो त्या माणसाच्या पाठीशी पोहोचतो आणि त्याला वळू देत नाही. वळता आलं नाही की चेंडू मागे द्यावा लागतो, आणि काउंटर अटॅक तिथेच संपतो. या घटनेची नोंद कुठल्याच आकडेवारीत होत नाही.

दुसरी गोष्ट फुलबॅकची. डावा फुलबॅक वर चढला की त्याच्या मागची जागा मोकळी होते. होल्डिंग मिडफिल्डर थोडा डावीकडे सरकतो, पण पूर्ण विंगवर जात नाही. मधला पट्टा सोडला तर समोरच्याला गोलकडे जाणारा सगळ्यात जवळचा रस्ता मिळतो. विंगवरून धावणाऱ्याला गोल करायला अजून एक क्रॉस किंवा आत वळणं लागतं, मधून येणाऱ्याला तसं काही लागत नाही. शिवाय त्याला डावीकडे, उजवीकडे आणि सरळ असे तिन्ही पास खुले असतात. म्हणून ठोकताळा असा की हल्ला होणारच असेल तर तो बाजूला ढकला, मधून होऊ देऊ नका.

रोस्तोव्ह : एकटा यामागुची

जपानने त्या सामन्यात ५२व्या मिनिटापर्यंत २-० आघाडी घेतली होती. बेल्जियमने ६९व्या आणि ७४व्या मिनिटाला गोल करून बरोबरी साधली. मग ८१व्या मिनिटाला जपानने दोन बदल केले. होंडा आला आणि त्याच्याबरोबर मिडफिल्डर होतारू यामागुची आला. शेवटच्या कॉर्नरच्या वेळी मधल्या पट्ट्यात डी ब्रॉयनसमोर उभा होता तो हाच यामागुची.

गोलचा व्हिडिओ पाहिला की नजर त्याच्यावरच जाते. डी ब्रॉयन त्याच्या दिशेने धावत येतो, यामागुची आधी मागे सरकतो, मग पुढे येतो, आणि तो जवळ पोहोचणार तेवढ्यात डी ब्रॉयन उजवीकडे म्युनियेला पास देतो. सोशल मीडियावर तेव्हा एकच सूर होता : फाऊल का नाही केला?

पण चूक त्याच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. कुर्तुआने चेंडू पकडला तेव्हा त्याच्यासमोर उभं राहून त्याला चेंडू टाकायला उशीर करायला लावणारा एकही जपानी खेळाडू नव्हता. डी ब्रॉयन बॉक्सबाहेर धावत येत होता, त्याच्याही अंगाला कुणी लागलेलं नव्हतं. म्हणजे पहिला पास घेणाऱ्या माणसाच्या पाठीशी कुणीच नाही. हल्ला अडवायची सगळ्यात स्वस्त संधी तिथेच गेली. त्यानंतर यामागुचीसमोर जो प्रश्न आला, तो एका माणसाने सोडवण्यासारखा राहिला नव्हता.

का, ते पाहा. डी ब्रॉयन मधून येतोय. त्याच्या उजवीकडे म्युनिये, डावीकडे शाडली, पुढे लुकाकू. लुकाकू तिरका आत धावला आणि त्याच्याबरोबर जपानचा डावा फुलबॅक नागातोमोही आत ओढला गेला. त्यामुळे म्युनियेसमोरची अख्खी बाजू रिकामी झाली. यामागुची पुढे गेला तर पास म्युनियेला. मागे सरकत राहिला तर डी ब्रॉयन बॉक्सपर्यंत चेंडू घेऊन येणार आणि तो लांबून मारण्यात पटाईत. अशा वेळी पुस्तकातलं उत्तर म्हणजे मागे सरकत राहायचं, शरीर थोडं तिरकं ठेवून एका बाजूचा पास बंद करायचा आणि परतणाऱ्यांची वाट पाहायची. यामागुचीने काही क्षण तेच केलं. मग तो पुढे झेपावला, पण अर्धवट. डी ब्रॉयनला फाऊल करण्याइतका तो जवळ नव्हता आणि पास अडवण्याइतका तिरकाही उभा नव्हता.

हल्ला अडवताना सगळ्यात महाग पडते ती ही मधली अवस्था. पूर्ण मागे सरका किंवा पूर्ण अंगावर जा. दोन्हींच्या मध्ये थांबलेला खेळाडू ना वेळ मिळवून देतो, ना चेंडू.

यामागुचीवर सगळा दोष टाकणं मात्र अन्यायाचं होईल. भरपाई वेळ चार मिनिटांची होती आणि ती संपत आली होती. कॉर्नर छोटा खेळून, म्हणजे जवळच्या माणसाला देऊन, जपान सामना अतिरिक्त वेळेत नेऊ शकलं असतं. बॉक्समध्ये चेंडू टाकायचाच होता तर मागे एक माणूस जास्त हवा होता. हे निर्णय होल्डिंग मिडफिल्डरचे नसतात. त्याच्या वाट्याला येतात ते त्यांचे परिणाम.

कझान : कासेमिरो नसताना

ब्राझीलची गोष्ट वेगळी. प्रशिक्षक तीते यांच्या संघात कासेमिरो हा बचावफळीपुढचा कायमचा माणूस होता. रेआल माद्रिदने २०१६ ते २०१८ अशी सलग तीन वर्षं चॅम्पियन्स लीग जिंकली तेव्हा क्रूस आणि मॉड्रिच यांच्या मागे तोच खेळायचा. वर्ल्ड कपच्या पहिल्या चार सामन्यांत ब्राझीलने फक्त एक गोल खाल्ला, तोही स्वित्झर्लंडविरुद्ध कॉर्नरवर. चौथ्या सामन्यात, मेक्सिकोविरुद्ध, कासेमिरोला स्पर्धेतलं दुसरं पिवळं कार्ड मिळालं. नियमानुसार क्वार्टर फायनलपर्यंत दोन वेगवेगळ्या सामन्यांत पिवळी कार्डं जमली की पुढच्या सामन्याला बंदी. त्यामुळे बेल्जियमविरुद्ध त्याच्या जागी मँचेस्टर सिटीचा फर्नांडिन्यो आला.

फर्नांडिन्यो काही नवखा नव्हता. सिटीत तो हेच काम करायचा आणि उत्तम करायचा. पण बेल्जियमचे प्रशिक्षक रॉबेर्तो मार्टिनेझ यांनी त्या दिवशी वेगळी मांडणी केली. लुकाकू, अझार आणि डी ब्रॉयन या तिघांना त्यांनी बचावाच्या कामातून बरंचसं मोकळं ठेवलं आणि पुढेच थांबवलं. लुकाकू नेहमीसारखा मध्ये न राहता उजवीकडे, अझार डावीकडे आणि डी ब्रॉयन मधोमध. ब्राझीलचा डावा फुलबॅक मार्सेलो वर चढणार हे सगळ्या जगाला ठाऊक होतं. तो चढला की त्याच्या मागच्या जागेशेजारी लुकाकू उभा.

१३व्या मिनिटाला बेल्जियमच्या कॉर्नरवर चेंडू फर्नांडिन्योला लागून स्वतःच्याच गोलमध्ये गेला. तो दुर्दैवाचा भाग. पण ब्राझील ०-१ने मागे पडल्यामुळे पुढे जाण्याची घाई वाढली. मग ३१वं मिनिट.

कॉर्नर परतवला गेला आणि चेंडू लुकाकूकडे आला. त्याची पाठ ब्राझीलच्या गोलकडे होती आणि तो स्वतःच्या हाफमध्ये होता. काउंटर अटॅक रोखण्याचा सगळ्यात योग्य क्षण हाच : पाठमोरा स्ट्रायकर, वळण्याआधी. फर्नांडिन्यो तिथे होताही. पण लुकाकूने अंगाच्या जोरावर त्याला झटकलं आणि तो वळला. एकदा तो वळल्यावर ब्राझीलचे उरलेले सगळे मागे पळणारे होते, अडवणारा कुणी नव्हता. लुकाकूने बराच वेळ चेंडू स्वतःकडे ठेवला, बचावाला आपल्याकडे ओढलं आणि नेमक्या वेळी उजवीकडे सोडला. मार्सेलो डी ब्रॉयनसमोर मागे मागे सरकत राहिला आणि डी ब्रॉयनला फटका मारायला जागा मिळाली.

इथे एक तांत्रिक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पाठमोऱ्या, ताकदवान खेळाडूला अडवताना अगदी चिकटून उभं राहिलं तर तो त्याच अंगाचा टेकू घेऊन वळतो. हातभर अंतर ठेवलं तर त्याला टेकू मिळत नाही आणि तो वळायला लागला की चेंडू दिसतो, तेव्हा पाय घालता येतो. लुकाकूसारख्या धिप्पाड खेळाडूबरोबर हे अंतर फार महत्त्वाचं. फर्नांडिन्यो चिकटला, ढकलला गेला आणि त्याला फाऊलही करता आला नाही. एरवी अशा जागी छोटा, चाणाक्ष फाऊल करण्यासाठीच तो इंग्लंडमध्ये ओळखला जायचा, हा त्यातला विरोधाभास.

कासेमिरो असता तर गोल वाचला असता का? तसं ठामपणे म्हणता येत नाही. पण कासेमिरो अंगाने भारी आहे, अशा धडकीत सहज हलत नाही आणि फाऊल करायला कचरत नाही. ब्राझीलला त्या क्षणी नेमका तो स्वभाव हवा होता.

फाऊलचा सौदा

हा मुद्दा अनेकांना रुचत नाही, पण तो खेळाचा भाग आहे. हल्ला सुरू होताच, गोलपासून दूर, जर्सी ओढून किंवा पायात पाय घालून थांबवणं याला ‘टॅक्टिकल फाऊल’ म्हणतात. नियमांप्रमाणे आशादायक हल्ला फाऊल करून थांबवला तर पिवळं कार्ड. गोलची स्पष्ट संधी हिरावली तर लाल. म्हणून असा फाऊल करायचा तर मध्यरेषेजवळ, मागे आपली दोन-तीन माणसं असताना. तिथे रेफरी लाल कार्ड काढू शकत नाही. तोच फाऊल २५ मीटर पुढे, आपण शेवटचे असताना केला तर खेळ संपला.

पण पिवळी कार्डं उधारीवर मिळत नाहीत. विसाव्या मिनिटाला एक घेतलं की उरलेली ७० मिनिटं तो खेळाडू हात राखून खेळतो आणि समोरचे प्रशिक्षक मुद्दाम त्याच्या अंगावर धावणारे खेळाडू पाठवतात. स्पर्धेत तर हिशोब सामन्यागणिक चालू राहतो. कासेमिरोची बंदी हे याच सौद्याचं बिल होतं.

भारतातही हे पाहायला मिळालं आहे. आयएसएलमध्ये सर्जिओ लोबेरा यांच्या एफसी गोवा संघाचा खेळ पूर्णपणे हल्ल्याचा होता आणि तो शक्य व्हायचा तो मागे अहमद जाहू असल्यामुळे. मोरोक्कोचा हा खेळाडू बचावफळीपुढे थांबायचा, चेंडू हिसकावायचा आणि तिथूनच लांब पास द्यायचा. त्याची दुसरी ओळख कार्डांची. मार्च २०१९मध्ये मुंबईत झालेल्या फायनलला बेंगळुरू एफसीविरुद्ध अतिरिक्त वेळेत त्याला मैदान सोडावं लागलं. गोवा दहा जणांवर आलं आणि मुंबईकर राहुल भेकेच्या हेडरने सामना १-० असा गेला. तो गोल कॉर्नरवरचा, काउंटर अटॅकवरचा नव्हे. पण थकलेल्या संघाला एक माणूस कमी पडणं ही किंमत होतीच. पुढे लोबेरा मुंबई सिटीत आले तेव्हा जाहूही आला आणि २०२०-२१मध्ये मुंबईने लीग शिल्ड आणि करंडक दोन्ही जिंकले.

एक माणूस पुरतो का?

६८ मीटर रुंदीचा पट्टा एकट्याने राखणं कुणालाच जमत नाही. म्हणून बरेच संघ दोन मिडफिल्डर शेजारी शेजारी मागे ठेवतात. एक पुढे गेला की दुसरा थांबतो. धोका तेव्हा होतो जेव्हा दोघंही ‘दुसरा थांबेल’ असं समजून पुढे जातात. पेप गार्डिओला यांनी वेगळी वाट काढली : फुलबॅकला विंगवर पाठवण्याऐवजी आत, होल्डिंग मिडफिल्डरच्या शेजारी आणायचं. २०२३मध्ये सिटीने चॅम्पियन्स लीग जिंकली तेव्हा बचावपटू जॉन स्टोन्स रोद्रीच्या शेजारी याच जागेत यायचा.

याच गार्डिओलांनी दोन वर्षं आधी उलटा प्रयोग केला होता. मे २०२१ची चॅम्पियन्स लीग फायनल, पोर्तो. रोद्री आणि फर्नांडिन्यो दोघंही बाकावर आणि सगळ्यात मागचा मिडफिल्डर म्हणून गुंडोगान, जो त्या मोसमात पुढे जाऊन गोल करत होता. ४२व्या मिनिटाला चेल्सीने मागून काही पासमध्ये चेंडू पुढे काढला, मेसन माऊंटने मधून थेट पास सोडला, काई हावर्ट्झ एकटा पुढे गेला आणि गोल झाला. सामना तिथेच, १-०वर संपला. हा अगदी शुद्ध काउंटर अटॅक नव्हता, पण माऊंटला पास देण्याआधी मान वर करून पाहायला वेळ मिळाला. तो वेळ द्यायचा नाही, हे ज्यांचं काम ते दोघं बाकावर बसले होते.

पाहताना काय पाहायचं?

सामन्यानंतर सोशल मीडियावर टॅकलचे आकडे फिरतात. अमुक खेळाडूने सहा टॅकल केले म्हणून तो भिंत. काही वेळा ते खरं असतं. पण ज्याला सहा टॅकल करावे लागले, त्याच्यापर्यंत सहा हल्ले पोहोचले असाही त्याचा अर्थ होतो. जो आधीच योग्य जागी उभा होता, त्याच्याकडे पास गेलाच नाही आणि त्याच्या नावापुढे शून्य राहिलं. त्यामुळे फक्त आकड्यांवरून दोघांची तुलना करणं फसवं आहे.

त्यापेक्षा पुढच्या वेळी कॉर्नर मिळाला की बॉक्समधल्या ढकलाढकलीवरून क्षणभर नजर काढून मध्यरेषेकडे बघा. समोरच्या संघाने किती माणसं पुढे ठेवली आहेत ते मोजा आणि कॉर्नर घेणाऱ्या संघाने मागे किती ठेवली आहेत तेही मोजा. बहुतेक प्रशिक्षकांना तिथे एक जास्त हवा असतो, म्हणजे दोनला तीन. मग बॉक्सच्या तोंडाशी उभ्या असलेल्या खेळाडूकडे बघा. तो फक्त चेंडूकडे टक लावून असेल की अधूनमधून मान वळवून मागे पाहत असेल? चेंडू परतवला गेल्यावर त्याचं पहिलं पाऊल कुठे पडतं : चेंडूकडे, की चेंडू ज्याच्याकडे जाणार आहे त्याच्याकडे?

टीव्हीचा कॅमेरा बहुधा बॉक्सवर रोखलेला असतो, त्यामुळे यातलं निम्मं दिसत नाही आणि हायलाइट्समध्ये तर क्लिप पहिल्या पासनंतरच सुरू होते. स्टेडियममध्ये, शक्यतो वरच्या स्टँडमध्ये बसलं तर सगळा पट्टा एका नजरेत दिसतो.